चिनी भाषेचे टोन आणि आपलं ‘हो’: नव्याने शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सुट्टीच्या दिवशी मी चिनी शिकवते. पहिल्या महिन्यात जवळपास प्रत्येक जण जे विचारतो ते इथे एकत्र केलं आहे. चिनी म्हणजे इथे मॅन्डरिन. रोमन लिपीतले शब्द पिनयिनमधले आहेत, म्हणजे चिनी उच्चार लिहिण्याच्या १९५८ पासूनच्या अधिकृत पद्धतीतले, कारण पुस्तकात आणि फोनवर तुम्हाला तेच दिसणार आहेत.

टोन म्हणजे नेमकं काय? मराठीत तसं काही नाहीच का?

आवाजाचा चढ-उतार मराठीत भरपूर आहे. ‘तो आला.’ आणि ‘तो आला?’ यांत अक्षरं तीच आहेत, फरक फक्त सुराचा. पण त्या सुराने ‘आला’चा ‘गेला’ होत नाही. शब्द तोच राहतो आणि बोलणाऱ्याचा हेतू बदलतो. मालवणी हेल, कोल्हापुरी हेल, वऱ्हाडी हेल हेही सगळ्या बोलण्यावर पसरलेले असतात, एकेका शब्दाला चिकटलेले नसतात.

चिनीत सूर शब्दाच्या घडणीतच असतो, जसं व्यंजन असतं, जसा स्वर असतो. ‘थांग’ एवढंच म्हटलं तर शब्द अर्धाच झाला. tāng म्हणजे सूप, táng म्हणजे साखर किंवा गोळी, tǎng म्हणजे आडवं होणं आणि tàng म्हणजे चटका बसेल इतकं गरम. ‘काल’ आणि ‘खाल’ हा एकच शब्द आहे, फक्त एकदा जरा जोरात म्हटलाय, असं एखादा परदेशी माणूस म्हणाला तर आपल्याला ते पटणार नाही. tāng आणि táng एकच आहेत असं म्हटलं तर चिनी माणसाला तितकंच पटत नाही.

चार टोन कोणते? मराठी माणसाला ते कुठे सापडतील?

चारही तुमच्या तोंडात आहेत, आणि तेही एकाच शब्दावर. तो शब्द म्हणजे ‘हो’.

आतल्या खोलीतून हाक येते, “जेवायला ये गं!” तुम्ही जागेवरून न उठता उत्तर देता, “होऽऽ!” आवाज वर जातो आणि तिथेच सपाट राहतो. हा पहिला टोन.

शेजारच्या काकू सांगतात की वरच्या मजल्यावरच्यांनी घर विकलं. तुम्ही म्हणता, “हो?” आवाज मधून निघून वर जातो. हा दुसरा.

चौथ्यांदा सांगितलेलं काम, आणि उठायचा अजून कंटाळा आहे. “हो… करतो.” आवाज तळाला बसतो आणि घशात थोडी घरघर येते. हा तिसरा.

घरातून निघताना कुणी विचारतं, “कुलूप लावलंस ना? नक्की?” तुम्ही म्हणता, “हो!” आवाज वरून सुटतो आणि खाली आपटतो. हा चौथा.

हे चार ‘हो’ एका पाठोपाठ म्हणून रेकॉर्ड करा. मग ‘हो’च्या जागी ‘मा’ ठेवा, सूर तसेच ठेवा. mā आई, má ताग, mǎ घोडा, mà शिव्या देणं. आकार जमले.

दोन गोष्टी मात्र सुधाराव्या लागतात. मराठीतलं लांब ‘होऽऽ’ शेवटी हलकेच खाली ओघळतं, पहिल्या टोनला ते चालत नाही. शिवाय आपला चौथा बहुधा मधूनच सुटतो. चिनी चौथा जिथे पहिला टोन असतो तितक्या उंचीवरून सुटतो, त्यामुळे उतार आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा असतो.

चौथा टोन रागावल्यासारखा वाटतो. तसं बोलायचं?

रागावल्यासारखा वाटतो तो मराठी कानाला. xièxie म्हणजे ‘आभारी आहे’, आणि त्याची सुरुवातच चौथ्याने होते. ‘हो’चा उपयोग आकार सापडेपर्यंत करा. त्यातली चिडचिड, आश्चर्य आणि कंटाळा तिथेच सोडून या. माझ्या वर्गातल्या मुली चौथा टोन उगाच मऊ करतात, कारण इतकं ठाम बोलणं उद्धट वाटेल अशी भीती असते. मऊ केलेला चौथा अर्ध्यावरच थांबतो आणि ऐकणाऱ्याला कुठलाच टोन ऐकू येत नाही.

पुस्तकात ५५, ३५, २१४, ५१ असे आकडे असतात. ते कसले?

भाषाशास्त्रज्ञ चाओ य्वानरन यांनी १९३० मध्ये ही मोजपट्टी मांडली. तुमच्या बोलण्याच्या आवाजात सर्वांत खालची पायरी १ आणि सर्वांत वरची ५. पहिला टोन ५५, म्हणजे वर सुरू, वरच संपला. दुसरा ३५, तिसरा २१४, चौथा ५१.

चाओ संगीतकारही होते, तरी हे आकडे म्हणजे सरगम नव्हे. पाच म्हणजे पंचम असं धरून पेटीवर टोन शोधू नका. आपल्या गाण्यातली एकच गोष्ट इथे लागू पडते. गाणारा आपापल्या पट्टीत सा लावतो, तसा १ ते ५ चा पट्टा ज्याचा त्याचा असतो. भारदस्त आवाजाच्या आजोबांचा ५ हा नातीच्या १ पेक्षाही खाली असू शकतो. कान त्या माणसाचा पट्टा दोन-चार शब्दांत ओळखतो आणि त्यावरून टोन ठरवतो.

मला गाता येत नाही. मग टोन जमतील का?

जमतील. चार ‘हो’ म्हणता आले की आवश्यक तेवढा ताबा तुमच्याकडे आहे.

एकेक शब्द बरोबर येतो, पण वाक्यात सगळं बिघडतं. असं का?

माझ्या मते मराठी माणसासाठी सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

हे वाक्य नेहमीसारखं म्हणा: “माझ्या भावाने काल मंडईतून हापूस आणला.” आता नुसतं गुणगुणा, शब्द न उच्चारता. ‘माझ्या भावाने’ खालून सुरू होऊन शेवटी वर जातं. ‘काल मंडईतून’ पुन्हा खालून वर. ‘हापूस आणला’ खाली उतरतं. मराठीत आपण वाक्याचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकडा वर नेऊन सोडतो, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की अजून पुढे आहे, आणि शेवटचा तुकडा खाली टाकतो, म्हणजे संपलं. हे आपण जन्मापासून करतो, म्हणून ते आपल्याला ऐकूच येत नाही.

आता हे चिनी वाक्य घ्या: Tā jīntiān hē tāng. तो आज सूप पितोय. ‘था चिन-थ्येन ह-थांग’ असं काहीसं. पाचही अक्षरं पहिल्या टोनची आहेत, म्हणजे वाक्य वरच्या एका रेषेवर सरळ जायला हवं. नवा मराठी विद्यार्थी काय करतो? ‘था’ म्हणजे ‘तो’, हा त्याला पहिला तुकडा वाटतो, म्हणून तो वर चढतो. ‘चिनथ्येन’ म्हणजे ‘आज’, दुसरा तुकडा, तोही शेवटी चढतो. त्यामुळे tiān चा tián होतो, आणि tián म्हणजे गोड. शेवटी ‘थांग’, वाक्य संपलं, म्हणून आवाज खाली. tāng चा tàng झाला, म्हणजे सूप गेलं आणि चटका आला. विद्यार्थ्याला मात्र आपण पाचही अक्षरं पाठ केल्याप्रमाणे म्हटली असं मनापासून वाटत असतं. प्रत्येक शब्द त्याला माहीत आहे. वाक्याचा मराठी सूर येऊन त्यावर बसला आहे.

यातून चुकीचा साचा दिसतो: वाक्याच्या मधले शब्द दुसऱ्या टोनकडे झुकतात, शेवटचा शब्द चौथ्याकडे. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकताना एवढं एकच शोधा. एखादा शब्द मधे असताना चढत असेल आणि शेवटी ठेवल्यावर उतरत असेल, तर तुम्ही शब्दाचा टोन म्हणत नाही आहात, वाक्याची जागा म्हणत आहात.

उपायही त्याच वाक्यात आहे. रोज दहा वेळा Tā jīntiān hē tāng म्हणा, आणि शेवटच्या tāng ला आवाज वरच धरून वाक्य तिथेच सोडून द्या. पहिले काही दिवस वाक्य अर्धवट तुटल्यासारखं वाटेल. तसं वाटणं हेच बरोबर असल्याचं लक्षण आहे. खरं तर चिनी माणसाचाही आवाज लांब वाक्यात थोडा थोडा खाली येत जातो, पण तो उतार सावकाश असतो आणि टोनचा आकार तो मोडत नाही.

प्रश्न विचारताना आवाज वर न्यायचा की नाही?

चिनीत साध्या प्रश्नाला शेवटी ma लागतो, जसा मराठीत ‘का’ लागतो. ‘तू घेतोस का?’ आणि Nǐ mǎi ma? यांची रचना अगदी सारखी आहे. त्यामुळे मराठी माणसाला व्याकरण पहिल्या मिनिटात कळतं आणि सूर तिथेच फसतो. ‘घेतोस का?’मध्ये आपला आवाज ‘तोस’पासून चढायला लागतो. तोच चढ आपण mǎi वर चढवतो.

इथे गंमत अशी की mǎi (तिसरा) म्हणजे विकत घेणं आणि mài (चौथा) म्हणजे विकणं. उच्चार दोन्हींचा आपल्या ‘माय’सारखाच. Nǐ mài ma? तुम्ही विकता का? हे विचारताना mài वर आवाज पडलाच पाहिजे. तो मराठी सवयीने चढला तर mái होतं, म्हणजे पुरणं. ma न लावता नुसतं Nǐ mài? असं आश्चर्याने विचारलं तरी mài उतरतंच. चिनी माणूस प्रश्नात बोलण्याची सगळी पट्टी थोडी वर उचलतो आणि त्या उचललेल्या पट्टीतच टोन म्हणतो. चढाला उतार करत नाही, उताराला चढ करत नाही.

सभ्यतेचाही यात भाग आहे. बीजिंगच्या एका लहान खानावळीत मी सूप मागितलं होतं. मराठीत ‘जरा पाणी?’ असं नम्रपणे मागताना आपण शेवट वर नेतो, तसाच मी tāng चा शेवट वर नेला. वाढणाऱ्या मुलीने साखरेची वाटी आणून ठेवली. तिने बरोबर ऐकलं होतं, मी táng म्हणाले होते. त्या दिवसापासून मी विद्यार्थ्यांना आधी qǐng, म्हणजे ‘कृपया’, हा शब्द शिकवते. नम्रता शब्दात ठेवता आली की ती सुरात ठेवावी लागत नाही.

तिसरा टोन इतका अवघड का वाटतो?

बहुधा तो चुकीचा शिकवला जातो म्हणून. पुस्तकात त्याची खूण इंग्रजी v सारखी असते, आकडे २१४ असतात, आणि शिक्षक हाताने दरी काढून दाखवतात: खाली जा, मग वर या. शब्द एकटा असला किंवा वाक्याच्या शेवटी आला, तर ते खरं आहे. पण वाक्याच्या ओघात तिसरा टोन नुसता खाली असतो. पुन्हा वर येत नाही.

lǎoshī म्हणजे शिक्षक. ‘लाव्’ तळाला, ‘श’ एकदम वर. ‘लाव्’ खाली जाऊन परत वर आला तर पुढच्या पहिल्या टोनला उडी मारायला अंतरच उरत नाही. Běijīng पण तसंच, ‘पेइ’ तळाला आणि ‘चिंग’ वरच्या रेषेवर. म्हणून मी तिसऱ्याला ‘खालचा टोन’ म्हणायला लावते. पहिला वरचा, तिसरा खालचा, ही जोडी आधी पक्की झाली की मग दुसरा चढता आणि चौथा उतरता. दरी नंतर शिकता येते, तीही फक्त शब्द थांबण्यापूर्वी आला तर.

खालचा म्हणजे किती खाली? ‘हो… करतो’ म्हणताना घशात जी घरघर होते, तिथपर्यंत. मराठीत ती घरघर कंटाळ्याची किंवा थकव्याची निशाणी असते, म्हणून आपण चारचौघांत ती टाळतो. चिनीत तिसऱ्या टोनला ती सर्रास येते आणि तिला काही वावगं वाटत नाही.

दुसरा आणि तिसरा ऐकताना एकमेकांत मिसळतात, कारण एकटे म्हटले की दोघेही शेवटी चढतात. त्यांचा शेवट ऐकू नका, सुरुवात ऐका. दुसरा जवळजवळ लगेच निघतो. तिसरा आधी तळाशी बसून राहतो.

दोन तिसरे टोन एकापुढे एक आले की काय होतं?

पहिला तिसरा दुसरा होतो. nǐ आणि hǎo दोन्ही तिसरे, पण म्हणायचं ‘नी’ चढता, ‘हाव्’ खाली. shuǐjiǎo म्हणजे उकडलेल्या करंजीसारखा खाद्यपदार्थ, तिथेही ‘श्वेइ’ चढतं. दोन्ही अक्षरं चौथ्या टोनने म्हटली तर shuìjiào, म्हणजे झोपणं.

शाळेत संस्कृत शिकलेल्यांना हे सोपं जातं. जगत् आणि नाथ जवळ आले की जगन्नाथ होतं, कारण तसं बोलणं जिभेला सोयीचं. इथेही तळाशी दोनदा बसणं गैरसोयीचं, म्हणून पहिला उचलला जातो. फरक एवढाच की संस्कृतात बदल लिहून दाखवतात, पिनयिनमध्ये खूण जुनीच ठेवतात. म्हणून nǐ hǎo वाचताना सावध राहा. एक म्हणजे yī आणि नकाराचा bù हे दोघंही पुढच्या टोनप्रमाणे बदलतात: चौथ्यापुढे bù चढता होतो, bú yào, नको. एवढे एक-दोन प्रयोग पाठ करा, नियम नंतर आपोआप दिसतो.

b ला ब म्हणायचं, p ला प म्हणायचं. त्याचा टोनशी काय संबंध?

फार जवळचा, आणि तो कळला की मराठी माणसाचा निम्मा त्रास वाचतो.

पिनयिनमधला b म्हणजे आपला प. p म्हणजे फ, तोही ओठ मिटून केलेला, ‘फळ’मधला जुन्या लोकांचा फ. तसंच d म्हणजे त आणि t म्हणजे थ, g म्हणजे क आणि k म्हणजे ख. इंग्रजी माणसाला हा भेद शिकायला महिना लागतो, आपल्याला तो बाराखडीत मिळाला आहे. पण रोमन अक्षर दिसलं की आपण इंग्रजी वाचतो आणि b ला ब म्हणतो.

ब, द, ग म्हणताना स्वरतंतू आधीपासूनच थरथरतात, आणि त्यामुळे आवाज किंचित खाली सुरू होतो. bā म्हणजे आठ, पहिला टोन, सुरुवातीपासून वर हवा. तुम्ही ‘बा’ म्हणालात तर आवाज खालून उगवून वर जातो आणि ऐकणाऱ्याला bá, म्हणजे उपटणं, ऐकू येतं. ‘पा’ म्हणा, आणि टोन आपसूक वर सुरू होईल. वडील म्हणजे bàba, त्याचा उच्चार ‘पापा’च्या जवळचा.

व्यंजन आवाज खाली ओढतं ही कल्पना कुणाला नवी वाटली तर पंजाबी ऐका. तिथे ‘घोडा’मधला घ आज क सारखा झाला आहे आणि जुन्या घ ची आठवण म्हणून शब्दाला खालचा सूर उरला आहे. टोनची भाषा म्हणजे काहीतरी दूरदेशीचं, असं मानायचं कारण नाही.

च च्या बाबतीतही मराठी पुढे आहे. ‘चमचा’मधला च हा पिनयिनच्या z च्या जवळ, ‘चिमणी’मधला च हा j च्या जवळ. हा मुद्दा टोनचा नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पाचवा टोन असतो का?

असतो, पण त्याला स्वतःचा आकार नाही. त्याला हलका टोन म्हणतात आणि त्यावर खूण नसते. ‘ये ना’, ‘बस रे’ यांतला ‘ना’ आणि ‘रे’ जसा पटकन सुटून जातो तसा तो सुटतो. किती उंचीवर सुटायचं ते आधीचा टोन ठरवतो. चौथ्यानंतर खाली, तिसऱ्यानंतर थोडा वर. māma, xièxie आणि प्रश्नाचा ma ही उदाहरणं पुरेत.

वेदपठणातले उदात्त, अनुदात्त हे टोनच ना?

नातं आहे, पण प्रकार वेगळा. वैदिक संस्कृतात सुराने अर्थ बदलत असे. ‘इन्द्रशत्रु’ या शब्दात स्वर चुकला आणि ‘इंद्राला मारणारा’ऐवजी ‘इंद्र ज्याला मारेल तो’ असा अर्थ झाला, ही कथा व्याकरण शिकणाऱ्यांना माहीत असते. मात्र तिथे साधारणपणे एका शब्दात एकच उदात्त असतो, आणि तो कुठे आहे यावर सगळं चालतं. चिनीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा टोन असतो आणि तो चारांपैकी कुठलाही असू शकतो. घरात वेदपठण ऐकत मोठं झालेल्यांना ‘सूर चुकला म्हणजे शब्द चुकला’ ही गोष्ट लवकर पटते, एवढा फायदा नक्की होतो.

टोन चुकला तर लोक संदर्भाने समजून घेत नाहीत का?

एखादा चुकला तर घेतात. पण चिनीत टोन सोडून मोजली तर अक्षरं जेमतेम चारशेच्या आसपास आहेत, आणि टोनसह तेराशेच्या आसपास. टोन गाळला की एकेका उच्चारावर फार शब्द येऊन बसतात. चार शब्दांच्या वाक्यात तीन टोन चुकले की संदर्भ तरी कशाचा घ्यायचा? गाण्यात काय होतं, असंही विचारतात. मॅन्डरिन गाण्यात चाल टोनला फारशी जुमानत नाही, तिथे शब्द संदर्भानेच कळतात. म्हणून गाण्यांवरून टोन शिकू नका.

आणखी एक सावधगिरी. फोनवर पिनयिनने चिनी लिहिताना टोन टाकावा लागत नाही. `mai` टाइप केलं की `买` आणि `卖` दोन्ही समोर येतात आणि आपण डोळ्यांनी निवडतो. त्यामुळे चिनीत रोज मेसेज करणाऱ्याचेही टोन कच्चे राहू शकतात. वहीत लिहिताना `mai3`, `mai4` असा आकडा लावायची सवय ठेवा.

घरी सराव कसा करायचा, आणि चूक कशी ओळखायची?

एक ते दहा आकडे घ्या: yī, èr, sān, sì, wǔ, liù, qī, bā, jiǔ, shí. टोन अनुक्रमे १, ४, १, ४, ३, ४, १, १, ३, २. आता स्वतःचा मोबाइल नंबर म्हणा. मराठीत नंबर सांगताना आपण तीन-चार आकड्यांचे गट करतो, प्रत्येक गटाचा शेवटचा आकडा वर नेतो आणि शेवटच्या गटाचा खाली टाकतो. तीच सवय इथे लगेच उघडी पडते. नंबरच्या शेवटी ८ असेल तर bā वर राहिला का? मधल्या गटाच्या शेवटी ४ असेल तर sì खाली पडला का? फोन नंबर सांगताना एकला बहुधा yāo म्हणतात, टोन पहिलाच.

कानावर विश्वास बसत नसेल तर संगणकावर `Praat` हा फुकट प्रोग्राम घ्या. आम्सटरडॅम विद्यापीठातल्या दोघा भाषाशास्त्रज्ञांनी तो केला आहे. आवाज रेकॉर्ड करून उघडला की सुराची रेषा दिसते. पट्टा पुरुषाच्या आवाजाला ७५ ते ३००, स्त्रीच्या आवाजाला १०० ते ५०० हर्ट्झ ठेवा. पहिल्या टोनची रेषा आडवी हवी. चौथ्याची पहिल्याच्या उंचीवरून सुटायला हवी, ती मधूनच सुटलेली दिसली तर तीच आपली नेहमीची चूक. तिसऱ्याची रेषा तळाशी तुटलेली दिसली तर घाबरू नका. ती घरघर आहे, तिथे प्रोग्रामला सूर मोजता येत नाही. तुटलेला तिसरा हा बहुधा चांगला तिसरा असतो.

आणि हनुवटी हलवू नका. दुसऱ्या टोनला डोकं वर जातं, आवाज जागेवरच राहतो, आणि आपल्याला वाटतं चढलो.

सुरुवातीला म्हणून बघण्यासारखं एखादं नाव सांगाल?

डॉ. द्वारकानाथ कोटणीस. मूळचे सोलापूरचे, १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथेच ९ डिसेंबर १९४२ रोजी वारले. चीनमध्ये त्यांना Kē Dìhuá म्हणतात. शिजियाझुआंगला त्यांची समाधी आहे.

Kē, पहिला टोन. k म्हणजे ख, आणि e म्हणजे ‘ए’ नव्हे, तोंड अर्धं उघडून केलेला ‘अ’. तो वर धरा, ओघळू देऊ नका. Dì, चौथा. d म्हणजे त, म्हणून ‘दी’ नव्हे, ‘ती’. Kē जिथे होता त्याच उंचीवरून सोडा आणि तळापर्यंत न्या. Huá, दुसरा. आता तळापासून मधे या आणि वर जा. इथेच बहुतेक जण चुकतात, कारण नाव संपलं की आपला आवाज खाली टाकायची सवय आहे. तसा टाकला तर huà होतं, म्हणजे बोलणं किंवा चित्र. Huá म्हणजे चीन, आणि पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावाच्या शेवटी तेच अक्षर होतं. वरच संपवा.